ग्रोथ प्लेटच्या दुखापती: पाच प्रकारांची मांडणी आणि मांडीच्या हाडाचा अपवाद

लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाडाची लांबी याच थरात वाढते आणि डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तो हाडापेक्षा नाजूक असल्यामुळे, ज्या आघाताने मोठ्या माणसाचा अस्थिबंध फाटला असता, त्याच आघाताने मुलाचे हाड या थराशी सुटते.

एकोणिसाव्या शतकात ही दुखापत शल्यचिकित्सकांना ठाऊक होती ती प्रामुख्याने गुडघ्यावरच्या एका भीषण अपघातामुळे. घोडागाडीच्या मागे लोंबकळणाऱ्या मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत अडके, गुडघा उलटा ताणला जाई आणि मांडीच्या हाडाचे खालचे टोक पुढे सरके. मागे राहिलेले हाडाचे टोक गुडघ्यामागच्या धमनीवर दाबले जाई आणि अनेकदा पाय कापावा लागे. लंडनचे जॉन पोलंड यांनी 1898 मध्ये अशा दुखापतींवर मोठा ग्रंथ लिहून त्यांचे आकारानुसार गट पाडले. क्ष-किरणांचा शोध तेव्हा नुकताच लागला होता.

आज जगभर वापरली जाणारी विभागणी मात्र 1963 ची आहे. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि डब्ल्यू. रॉबर्ट हॅरिस यांनी भेग कोणत्या वाटेने जाते यावरून पाच प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात भेग केवळ प्लेटमधून जाते. दुसऱ्यात ती प्लेटमधून जाऊन हाडाच्या दांड्याकडे वळते आणि एक त्रिकोणी तुकडा टोकाबरोबरच राहतो. तिसऱ्यात ती सांध्याकडे वळते, चौथ्यात सांध्यापासून प्लेट ओलांडून थेट दांड्यापर्यंत जाते, आणि पाचव्यात प्लेट चिरडली जाते. पाचवा प्रकार सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये दिसतच नाही. वाढ खुंटल्यावर मागे वळून पाहिले की तो ठरतो, आणि म्हणूनच तो खरोखर स्वतंत्र प्रकार आहे का, यावर पुढे वाद झाला.

या विभागणीमागचा तर्क सुबक होता. पहिल्या दोन प्रकारांत भेग प्लेटच्या फुगलेल्या, मोठ्या पेशींच्या थरातून जाते आणि सांध्याकडच्या बाजूच्या, विभाजन पावणाऱ्या पेशी शाबूत राहतात, त्यामुळे वाढ पुढे चालू राहावी, असे मानले गेले. मनगटाजवळ हे बहुतेक वेळा खरेही ठरते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मात्र हा हिशोब चुकतो. तिथली प्लेट सपाट नसून उंचसखल आहे, त्यामुळे सरळ जाणारी भेग वाढणाऱ्या पेशींनाही कापत जाते. नंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात या जागेच्या सुमारे निम्म्या फ्रॅक्चरांत वाढीत बिघाड आढळला, आणि ‘सौम्य’ समजला जाणारा दुसरा प्रकार त्यात मुळीच मागे नव्हता. सॉल्टर आणि हॅरिस यांनीही प्रकाराबरोबर वय, रक्तपुरवठा आणि आघाताचा जोर विचारात घ्यायला सांगितले होते. प्रत्यक्ष वापरात आकडा लक्षात राहिला आणि बाकीचे मागे पडले, असे म्हणावेसे वाटते.

पाय किती आखूड राहील, हे त्या प्लेटचा वाटा आणि उरलेली वर्षे यांवर ठरते. मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के वाढ खालच्या टोकाला होते, म्हणजे वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर. ढोबळ नियमानुसार मुलांची वाढ सोळाव्या आणि मुलींची चौदाव्या वर्षी थांबते असे धरतात. अकरा वर्षांच्या मुलाची ही प्लेट पूर्ण बंद पडली तर पाच वर्षांत पाय सुमारे पाच सेंटिमीटर आखूड होईल, तर त्याच वयाच्या मुलीचा सुमारे तीन. बिघाड सहा महिन्यांत ओळखला, तर दुसऱ्या पायाची तीच प्लेट शस्त्रक्रियेने बंद करून फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास रोखता येतो. मात्र मुलाची अंतिम उंची थोडी कमी होते, आणि हे आईवडिलांना आधीच सांगावे लागते. प्लेटचा काही भागच हाडाने जोडला गेला, तर लांबीपेक्षा आधी पाय वाकडा होतो. जोड प्लेटच्या निम्म्याहून कमी असेल आणि निदान दोन वर्षांची वाढ उरली असेल, तर तो काढून तिथे चरबी भरण्याचा पर्याय असतो. फिनलंडच्या लांगेन्शोल्ड यांनी ही पद्धत 1960 च्या दशकात रुजवली.

बिघाड लवकर ओळखण्याची खूण एक्स-रेवरच असते. दुखापतीच्या वेळी मंदावलेली वाढ पुन्हा सुरू झाली की हाडात एक पांढरी आडवी रेषा उमटते. तिला हॅरिस रेषा म्हणतात (हे हॅरिस टोरांटोचे नव्हेत, शरीररचनाशास्त्रज्ञ हेन्री हॅरिस). ती प्लेटला समांतर राहून दूर सरकत असेल तर वाढ सुरळीत आहे. एका बाजूने प्लेटकडे झुकत असेल, तर त्या बाजूला जोड तयार झाला आहे, आणि मग एमआरआय करून त्याचा आकार पाहतात. रेषा दिसायला काही महिने लागतात, म्हणून प्लास्टर निघाल्यावर उपचार संपले असे न मानता, गुडघ्याजवळच्या दुखापतीनंतर दर काही महिन्यांनी दोन्ही पायांची तपासणी वाढ पूर्ण होईपर्यंत चालू ठेवली जाते.