ड्राफ्ट सर्व्हे आणि ‘कॉन्स्टंट’चा वाद

मुरगाव बंदरातून जपानला लोहखनिज जाऊ लागले 1950 च्या दशकात. तेव्हापासून 2012 च्या खाणबंदीपर्यंत मांडवी-जुवारीतल्या बार्जेस माल आणून मोठ्या जहाजांत ओतत राहिल्या आणि माल किती भरला हे जहाजाच्या अंगावरचे आकडे वाचून ठरत राहिले. जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे, म्हणजे त्याचा ड्राफ्ट, हे आकडे दाखवतात; त्यावरून वजन काढणे म्हणजे ड्राफ्ट सर्व्हे. हे आकडे जहाजांवर फार आधीपासून आहेत. 1876 च्या ब्रिटिश कायद्याने भारमर्यादेची खूण सक्तीची केली, पण तिचा हेतू जहाज बुडू नये इतकाच होता. मालाचे बिल ड्राफ्टच्या आकड्यांवर बेतण्याची रीत नंतरची.

नदीमुखाशी पाण्याची घनता बदलते, तेवढे ध्यानात ठेवावे. ड्राफ्टवरून जहाजाचे विस्थापन, म्हणजे एकूण वजन, सांगणारे तक्ते 1.025 घनतेसाठी केलेले असतात. 85,000 टन विस्थापनाच्या जहाजाजवळ हायड्रोमीटरने 1.015 दाखवले, तर सुमारे 829 टन वजा करावे लागतात.

खरी कुरबुर होते ती कॉन्स्टंटवर. माल भरण्याआधीच्या सर्व्हेत जहाजाचे विस्थापन 28,000 टन निघाले असे धरा. त्यातून रिकाम्या जहाजाचे 11,000, तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्याचे, म्हणजे बॅलास्टचे, 15,300 आणि इंधन-पाण्याचे 1,100 वजा केले की 600 टन उरतात. सुटे सामान, रंगाचे थर, टाक्यांतला गाळ अशा हिशेबात न आलेल्या वजनाला कॉन्स्टंट म्हणतात. जहाजाच्या कागदावर मात्र 280 लिहिलेले असते. मग मधले 320 टन कुठले?

निर्यातदाराला 280 हवा असतो. फक्त शेवटच्या सर्व्हेवर हिशेब केला, तर कॉन्स्टंट लहान धरल्याने माल 320 टन जास्त दिसतो. जहाजवाल्यांना 600 हवा असतो. तो खरोखर गाळच असेल, तर त्यांचे बरोबर आहे. पण ते न सांगितलेले बॅलास्ट असेल आणि माल भरताना उपसून टाकले गेले, तर आधीच्या व नंतरच्या सर्व्हेतला फरक माल 320 टनांनी कमी दाखवतो. आकडे पाहून यातले काय खरे ते कळत नाही. त्यामुळे आधीचा सर्व्हे टाळून कागदावरचा कॉन्स्टंट घेण्याची सवय मला सोयीची वाटते, बिनचूक नाही. प्रत्येक टाकीत दोर सोडून पाणी मोजायला दोन-तीन तास जातात, आणि बंदरात तेवढे कोणी द्यायला तयार नसते. कॉन्स्टंट उणे आला, तर बॅलास्ट प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितले आहे किंवा ड्राफ्ट चुकीचा वाचला आहे असे समजून पुन्हा बघायला हवे.

1992 मध्ये कोळशाच्या ड्राफ्ट सर्व्हेसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आली. तिने क्रम आणि तक्ते एकसारखे केले. अचूकता साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास मानली जाते, म्हणजे 70,000 टनांवर 350 टन. वरचा 320 चा वाद त्याच्या आतच बसतो. पुढे मुरगावच्या नांगरतळावर उघड्या समुद्रातली लाट आली की आकडा वाचणेच कठीण होई. मध्यभागचा ड्राफ्ट दोन सेंटिमीटर चुकला, तरी पनामॅक्स म्हणजे पनामा कालव्याच्या मापाच्या जहाजावर प्रति सेंटिमीटर सुमारे 67 टन धरता, सरासरीत त्याला तीन-चतुर्थांश वजन असल्याने शंभर टनांचा फरक पडतो.