हप्त्याआधीचं व्याज: प्री-ईएमआय आला कुठून?

इमारत उभी राहायच्या आत घर विकायची पद्धत महाराष्ट्रात जुनी. त्यातली फसवणूक रोखण्यासाठी 1963 चा मालकी सदनिका कायदा आला आणि मोठी रक्कम घेण्याआधी लेखी करार करणं बिल्डरवर बंधनकारक झालं. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यायचे, ही रीत त्याच करारांतून रुळली. पुढे गृहकर्जं आली तेव्हा बँकांनीही तीच रीत उचलली. कर्ज एकदम नाही, बिल्डरचं पैसे मागणारं डिमांड लेटर येईल तसं सोडायचं.

पूर्ण कर्ज उचललेलं नसताना पूर्ण हप्ता बसवणार कसा? म्हणून तोवर फक्त सुटलेल्या रकमेवरचं व्याज घ्यायचं ठरलं. हाच प्री-ईएमआय. यात मुद्दल एक रुपयाही फिटत नाही.

रेरा या गृहप्रकल्पांच्या नियमन कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या नमुना करारात टप्प्यांच्या मर्यादा आहेत: करारानंतर किमतीच्या एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर 45, सगळे स्लॅब झाल्यावर 70. समजा, घर 50 लाखांचं, कर्ज 40 लाख, व्याज 9 टक्के. तुमचे 10 लाख आधी जातात, त्यामुळे करारावेळी बँकेचे फक्त 5 लाख सुटतात. महिन्याला 3,750 रुपये व्याज, अगदी हलकं वाटतं. जोत्यानंतर ते 9,375 होतं आणि शेवटच्या स्लॅबनंतर 18,750. काम वर्षभर इथेच अडकलं, तर सव्वादोन लाख रुपये जातात आणि कर्ज तरीही 25 लाखच राहतं. वर घरभाडं चालूच. उशिराचा भार असा ग्राहकावर पडतो, हे मला या व्यवस्थेतलं सर्वात मोठं दुखणं वाटतं.

ते हेरूनच बिल्डरांनी 80:20 सारख्या योजना आणल्या: 20 टक्के तुम्ही द्या, 80 टक्के कर्ज काढा, ताब्यापर्यंतचं व्याज आम्ही भरू. पण त्यासाठी कर्जाची बरीच रक्कम बांधकामाआधीच बिल्डरच्या हाती जायची, म्हणजे टप्प्यांचं संरक्षणच संपायचं. बिल्डरने व्याज थकवलं, तर बँक कर्जदाराच्याच दारात यायची, कारण कर्ज त्याच्या नावावर. अखेर सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी बांधूनच सोडा. 2019 मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनेही गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं.

व्याज कोणत्या दिवसापासून मोजायचं, हा प्रश्न तरी उरलाच होता. चेकवर तारीख पडायची, चेक मात्र बऱ्याच दिवसांनी हाती यायचा, आणि व्याज तारखेपासून लागायचं. एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने या प्रथेला अनुचित ठरवलं. डिमांड लेटरनंतर पैसे खरोखर कधी गेले, ती तारीख कर्जखात्याच्या उताऱ्यातल्या पहिल्या व्याजनोंदीशी ताडली, की फरक लगेच दिसतो.