स्टॅटिक आयपी विकत घेतला, पण राऊटरमध्ये तो भरायचा कुठे?

समजा, ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडजवळ एका सीएचं ऑफिस आहे. टॅलीचा डेटा ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर असतो आणि डोंबिवली-बदलापूरहून काम करणारे दोन सहायक घरूनच व्हीपीएनने त्यावर जोडले जातात. बाहेरून ऑफिस सापडायला हवं, म्हणून स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतलेला आहे. आता इंटरनेट कंपनी बदलली. नव्या कंपनीचा माणूस फायबर ओढून, फायबर जिथे संपतो ती ओएनटीची डबी भिंतीवर लावून गेला आणि मोबाइलवर निरोप आला: एक युजरनेम, एक पासवर्ड आणि `203.0.113.42` हा स्टॅटिक आयपी. (हा आकडा मुद्दाम निवडला आहे. `203.0.113` ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवले आहेत.)

नव्या राऊटरचं पान उघडलं की `WAN` किंवा `Internet` या भागात जोडणीचा प्रकार विचारला जातो. यादीत `Dynamic IP`, `Static IP` आणि `PPPoE` दिसतात. आपण पैसे मोजून स्टॅटिक आयपी घेतला आहे, त्यामुळे हात आपोआप `Static IP` कडे जातो. तिथे पत्ता भरला, मास्क म्हणून `255.255.255.0` टाकला, गेटवे अंदाजाने `203.0.113.1` लिहिला आणि सेव्ह केलं. राऊटरवरचा दिवा लागला, पण एकही साइट उघडत नाही. कंपनी बदलल्यावर होणाऱ्या घोटाळ्यांत हा फार नेहमीचा आहे.

राऊटर आता तारेवर हाक देतोय, "`203.0.113.1` कोण आहे?" पण त्या तारेच्या पलीकडे साधा गेटवे नाहीच. तिथे कंपनीचं जे यंत्र आहे, त्याला तंत्रज्ञ बीएनजी किंवा ब्रास म्हणतात. लॉगिन झाल्याशिवाय ते कुणाच्याही पॅकेटला हात लावत नाही. राऊटरच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि दिवा मात्र हिरवाच राहतो, कारण तो फक्त केबल जोडलेली आहे एवढंच सांगतो.

निरोपात युजरनेम आणि पासवर्ड असेल, तर निवडायचा प्रकार `PPPoE`. पत्ता स्टॅटिक असला तरीही. ही पद्धत 1999 साली लिहून प्रसिद्ध झाली आणि तिच्यात पत्ता अगदी शेवटी मिळतो. राऊटर आधी तारेवर सगळ्यांना उद्देशून एक हाक सोडतो: इथे कुणी लॉगिन घेणारं आहे का? बीएनजी "मी आहे" म्हणतो, राऊटर त्याच्याकडे जोडणी मागतो आणि बीएनजी या जोडणीला एक सेशन क्रमांक देतो. मग ओळख पटवली जाते. चॅप नावाच्या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. बीएनजी एक यादृच्छिक संख्या पाठवतो, राऊटर ती संख्या आणि पासवर्ड एकत्र करून एक उत्तर काढतो आणि फक्त ते उत्तर परत पाठवतो. तेच गणित कंपनीच्या रेडियस सर्व्हरवर, म्हणजे ग्राहकांची खाती तपासणाऱ्या यंत्रावर, होतं आणि दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं.

यानंतरची देवाणघेवाण मला सगळ्यांत सुंदर वाटते. राऊटर विचारतो, "मी `0.0.0.0` हा पत्ता वापरू का?" हा काही खरा पत्ता नाही. मला काहीच माहीत नाही, तुम्हीच सांगा, असा त्याचा अर्थ. बीएनजी नकार देतो, पण त्या नकारातच योग्य पत्ता लिहिलेला असतो: नाही, `203.0.113.42` वापर. राऊटर पुन्हा विचारतो, "मग `203.0.113.42` वापरू?" आता होकार येतो. म्हणजे तुमचा स्टॅटिक आयपी राऊटरमध्ये नव्हे, कंपनीच्या रेडियसमध्ये तुमच्या युजरनेमसमोर नोंदवलेला असतो. लॉगिन तुमचं असलं की तोच पत्ता हातात पडतो. राऊटरच्या पानावर PPPoE च्या खालीही आयपी हाताने भरायची सोय असते. ती `Auto` वरच राहू द्या. कंपनीने स्पष्ट सांगितलं असेल तरच तिथे लिहा.

`Static IP` हा पर्याय कधी बरोबर ठरतो? निरोपात युजरनेम नसेल आणि त्याऐवजी आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस असे चारही आकडे दिलेले असतील तेव्हा. व्यावसायिक जोडण्यांत हा मास्क बऱ्याचदा `255.255.255.252` असतो. त्यात चारच पत्ते बसतात आणि वापरता येतात दोन, एक कंपनीच्या यंत्राला आणि एक तुम्हाला. म्हणून मास्क आणि गेटवे अंदाजाने भरण्यात अर्थ नसतो. लॉगिनही आलं आणि चार आकडेही आले, तर फोन करून एवढंच विचारा: हा आयपी लॉगिननंतर आपोआप मिळणार की मी भरायचा?

आता नौपाड्याच्या ऑफिसात `PPPoE` निवडून युजरनेम-पासवर्ड भरला आहे, तरी जोडणी होत नाही असं समजू. राऊटरच्या `Status` किंवा `System Log` पानावर काय लिहिलंय ते पाहिलं, तर गाडी कुठल्या टप्प्यावर अडली ते कळतं. पलीकडून काहीच उत्तर नाही, `No response` किंवा `PADO timeout` अशा धाटणीचं काही दिसत असेल, तर पासवर्ड दहा वेळा बदलूनही उपयोग नाही, कारण तो विचारण्याची वेळच आलेली नाही. केबल ओएनटीच्या चुकीच्या पोर्टमध्ये असेल, किंवा कंपनीला व्हीलॅन क्रमांक, म्हणजे एकाच तारेवरची वाहतूक वेगळी ओळखण्याची खूण, हवा असेल आणि तो भरलेला नसेल. हा क्रमांक कंपनीगणिक वेगळा असतो आणि तो विचारूनच घ्यावा लागतो.

`Authentication failed` दिसलं, तर ती एका अर्थी चांगली बातमी आहे. हाक पलीकडे पोचली, फक्त ओळख पटली नाही. आधी युजरनेम पाहा. त्यात `@` आणि पुढे काही असेल तर तो भाग सोडू नका, कारण खातं कुठे तपासायचं हे रेडियसला बहुधा त्यावरूनच कळतं. निरोपातून कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते आणि मोबाइलवरून भरताना पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं. पासवर्ड दाखवणारं डोळ्याचं चिन्ह दाबून एकदा वाचून घ्या.

सगळं अक्षरशः बरोबर असूनही नकार येत असेल, तर कारण बहुतेक वेळा मॅक बाइंडिंगचं असतं. लाइन चालू करताना कंपनीचा माणूस स्वतःच्या लॅपटॉपवरून लॉगिन करून बघतो. काही कंपन्यांच्या व्यवस्थेत पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक, त्या खात्याला बांधला जातो. मग तुमचा राऊटर त्या खात्यासाठी परका ठरतो. दुसरी शक्यता म्हणजे जुनं सेशन अजून उघडं असणं. लॅपटॉपची केबल नुसती उपसली, तर निरोप घेतल्याचा संदेश जात नाही आणि पलीकडे कुणी नाही हे बीएनजीला कळायला वेळ लागतो. तोवर त्याच युजरनेमचं दुसरं लॉगिन नाकारलं जाऊ शकतं. राऊटर काही मिनिटं बंद ठेवा, तरीही अडलं तर कस्टमर केअरला नेमक्या शब्दांत सांगा: "माझं सेशन क्लिअर करा आणि मॅक बाइंडिंग रिसेट करा." इंटरनेट चालत नाही एवढंच सांगितलं, तर ते तुम्हाला राऊटर बंद-चालू करायला लावतील.

समजा जोडणी झाली, साइट उघडू लागल्या. तरी काम संपलेलं नाही. सहायकांना बाहेरून आत येता येईल का, हे राऊटरच्या स्टेटस पानावरचा `WAN IP` सांगतो. तिथे `203.0.113.42` दिसायला हवा. `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर लॉगिन चाललं आहे, पण स्टॅटिक आयपी खात्याला लावायचा राहून गेला आहे. हे पत्ते 2012 साली एका खास कामासाठी बाजूला काढले गेले. आयपीव्ही4 चे सुमारे 430 कोटी पत्ते जगाला पुरेनात, तेव्हा कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे ठेवू लागल्या आणि त्या आतल्या बाजूसाठी हा पट्टा राखला गेला. अशा जोडणीवरून बाहेर जाता येतं, पण बाहेरचा कुणी आपणहून आत येऊ शकत नाही. राऊटरमध्ये काहीही बदलून हे सुटत नाही, ते कंपनीनेच करायचं असतं.

`WAN IP` मध्ये `192.168` ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर अडचण तुमच्याच भिंतीवर आहे. ओएनटीच राऊटर बनून बसली आहे आणि तुमचा राऊटर तिच्या मागे आहे. ती ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे लॉगिन तुमचा राऊटर करील आणि पब्लिक पत्ताही त्यालाच मिळेल.

आता ऑफिसच्या आतली बाजू. टॅलीच्या कॉम्प्युटरला जुन्या राऊटरच्या वेळी `192.168.1.10` हा पत्ता हाताने दिलेला होता. नवा राऊटर मात्र आत `192.168.0` चे पत्ते वाटतो. मग तो कॉम्प्युटर ऑफिसातल्या ऑफिसातच सापडेनासा होतो आणि दोष नव्या कंपनीला दिला जातो. नव्या राऊटरचा `LAN` पत्ता `192.168.1.1` करा, म्हणजे प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं पूर्वीसारखं बसतं. या ऑफिसात वायरगार्ड व्हीपीएन त्याच कॉम्प्युटरवर चालतं, म्हणून राऊटरमध्ये यूडीपी पोर्ट `51820` तेवढा `192.168.1.10` कडे वळवायचा. रिमोट डेस्कटॉपचा `3389` मात्र थेट उघडू नका. पब्लिक पत्त्यांवर उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात आणि स्टॅटिक पत्ता तर त्यांना रोज त्याच जागी सापडतो.

मोबाइल नंबर कंपनी बदलली तरी आपलाच राहतो, आयपी तसा राहत नाही. तो कंपनीच्या साठ्यातला असतो आणि कनेक्शनबरोबर जातो. म्हणून दोन्ही सहायकांच्या लॅपटॉपवर ही ओळ बदलावी लागते:

```
Endpoint = 203.0.113.42:51820
```

इथे आकड्याऐवजी ऑफिसच्या डोमेनखालचं एखादं नाव आधीपासून वापरलं असतं, तर फक्त डीएनएसमधली एक नोंद बदलून भागलं असतं. पुढच्या वेळेसाठी आत्ताच तसं करून घ्यावं. जुना पत्ता बँकेच्या किंवा एखाद्या सॉफ्टवेअरच्या परवानगी-यादीत दिलेला असेल, तर तिथे नवा कळवा आणि तो लागू होईपर्यंत जुनं कनेक्शन तोडू नका.

जोडणीची चाचणी ऑफिसच्या वाय-फायवरून करू नका. आत बसून स्वतःच्याच पब्लिक पत्त्यावर जाणं अनेक राऊटरना जमत नाही आणि सगळं ठीक असूनही बंद असल्यासारखं वाटतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाका आणि तिथून व्हीपीएन जोडून टॅली उघडा. उघडलं, तर राऊटर दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा आणि `WAN IP` परत वाचा. तोच आकडा आला, तर पत्ता खात्याला नीट बांधला गेला आहे. वेगळा आला, तर त्या दिवशीच कंपनीला कळवा, कारण डोंबिवलीचा सहायक दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्याच आकड्यावर ऑफिस शोधत बसेल.