स्क्रीन शेअरिंगमधील आवाज

ऑनलाइन बैठकीत स्क्रीन शेअर केल्यावर पडद्यावरचे चित्र सर्वांना दिसते, पण त्यातल्या व्हिडिओचा आवाज एकतर जातच नाही किंवा तुटक जातो. बैठकीच्या ॲपसाठी चित्र आणि आवाज हे दोन वेगळे प्रवाह असतात, हे यामागचे मूळ कारण. शेअर करताना चित्र आपोआप टिपले जाते. कॉम्प्युटरमध्ये वाजणारा आवाज मात्र वेगळा मागून घ्यावा लागतो आणि त्यासाठीच्या पर्यायाची खूण बहुधा मुळात केलेलीच नसते.

आवाज अजिबात गेला नाही तर चूक लगेच कळते. फसवणूक होते ती अर्धवट आवाजामुळे. लॅपटॉपच्या स्पीकरमधून व्हिडिओ वाजत असतो, तो हवेतून माइकमध्ये शिरतो आणि तिथून श्रोत्यांकडे निघतो. पण बैठकीच्या ॲपमध्ये प्रतिध्वनी घालवणारी यंत्रणा असते. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये परत आला की तो पुसून टाकायचा, हेच तिचे काम. ती नसती तर समोरच्याला आपलेच बोलणे क्षणभराने परत ऐकू आले असते. तिच्या जोडीला गोंगाट दाबणारा फिल्टर असतो. तो माणसाचे बोलणे राखतो आणि पंखा, रहदारी यांच्याबरोबर संगीतही गोंगाटातच मोजतो. त्यामुळे निवेदन अधूनमधून ऐकू येते, पार्श्वसंगीत बुडते आणि शब्दांची टोके कापली जातात. सादर करणारा मग व्हॉल्यूम वाढवतो, पण यंत्रणा वाढलेला आवाजही तसाच पुसते. इंटरनेटला दोष देण्याआधी हे तपासावे.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. व्हिडिओ चालू ठेवून आपला माइक म्यूट करावा आणि श्रोत्यांना चॅटवर विचारावे. आवाज बंद झाला असेल तर तो माइकमधूनच जात होता. चालू राहिला तर तो योग्य वाटेने, थेट कॉम्प्युटरमधून जात आहे. माइक म्यूट केल्याने शेअर केलेला आवाज थांबत नाही. उलट व्हिडिओ चालू असताना माइक म्यूट ठेवणेच चांगले, म्हणजे तोच आवाज दोन वाटांनी जाऊन घुमत नाही.

एक उदाहरण घेऊ. गूगल मीटमध्ये तीन मिनिटांची क्लिप दाखवायची आहे आणि ती क्रोमच्या एका टॅबमध्ये उघडलेली आहे. सादर करणाऱ्याने शेअरसाठी 'विंडो' निवडली, तर चित्र जाते पण आवाज सहसा सोबत येत नाही. त्याऐवजी टॅब निवडावा आणि त्याच चौकटीतले "Also share tab audio" चालू आहे ना, ते पाहावे. आता फक्त त्या टॅबचा आवाज जाईल. मेल आल्याची घंटी श्रोत्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून क्लिप ब्राउझरमध्ये असेल तर टॅब शेअर करणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. मात्र आवाज त्या टॅबलाच बांधलेला असतो. क्लिपमधल्या दुव्यावर क्लिक करून नवा टॅब उघडला, तर त्याचा आवाज जात नाही. शेअर नव्या टॅबकडे वळवावे लागते. टॅब ब्राउझरमध्येच म्यूट केलेला नाही ना, हेही पाहावे. आवाज बारीक वाटला तर व्हिडिओच्या प्लेअरमधला आवाज वाढवावा. लॅपटॉपचा व्हॉल्यूम वाढवल्याने टॅबमधून जाणाऱ्या आवाजात फरक पडत नाही.

क्लिप ब्राउझरमध्ये नसून सादरीकरणाच्या फाइलमध्ये किंवा व्हिडिओ प्लेअरमध्ये असेल, तर टॅबचा उपयोग नाही. अशा वेळी झूमच्या कॉम्प्युटर ॲपमध्ये शेअरच्या चौकटीतली "Share sound" ही खूण करावी. टीम्समध्ये "Include sound" हे बटण असते. या पर्यायांत सहसा कॉम्प्युटरचा सगळाच आवाज जातो, म्हणून इतर ॲपच्या सूचना आधी बंद कराव्यात. शेअर सुरू झाल्यावर खूण राहून गेल्याचे लक्षात आले, तर झूममध्ये वरच्या पट्टीतल्या "More" मधून ती करता येते. शेअर थांबवावे लागत नाही.

मॅकवर एक अडचण जास्तीची. वाजणारा आवाज ॲपने परत टिपून घेण्याची सोय विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे, मॅकमध्ये ती बराच काळ नव्हती. त्यामुळे काही ॲप स्वतःचा ऑडिओ ड्रायव्हर बसवायला सांगतात आणि त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागतो. संस्थेने दिलेल्या मशीनवर तो पासवर्ड हाताशी नसतो आणि हे नेमके बैठक सुरू झाल्यावर कळते. म्हणून आदल्या दिवशी एकट्यानेच बैठक उघडून फोनवरून दुसरा सहभागी म्हणून यावे, फोनला हेडफोन लावावा आणि कॉम्प्युटरचा माइक म्यूट करून क्लिप वाजवावी. फोनवर संगीतासकट पूर्ण आवाज आला, तर श्रोत्यांनाही तो तसाच मिळेल.