‘लॅप्स’ झालं म्हणजे नक्की काय झालं? नोकरी सोडून गेलेलं ऑप्शन आणि हातात असून न वापरलेलं ऑप्शन

मार्चएन्डच्या फायली हातात आल्या की एचआरकडून आलेल्या ईसॉपच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने कंपनीचा शेअर घ्यायचा हक्क देणाऱ्या योजनेच्या, एक्सेल शीटमध्ये मी सगळ्यात आधी एकच कॉलम शोधतो. त्याचं नाव असतं ‘लॅप्स्ड’. त्याखाली एकच बेरीज असते, आणि त्या बेरजेवर कुणीतरी मोठ्या उत्साहाने रिव्हर्स एंट्री मारलेली असते. या वर्षी ही माझी तिसरी फाईल. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

ग्रँट, व्हेस्टिंग, एक्सरसाइज हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. आज ऑप्शन द्यायचं ठरलं ती ग्रँट. अट पूर्ण होऊन ते कर्मचाऱ्याचं झालं ते व्हेस्टिंग. ठरलेले पैसे भरून त्याने शेअर घेतला तो एक्सरसाइज. आरएसयू आणि ईसॉपमधला फरक लोक फार रंगवून सांगतात. हिशोबापुरता तो एवढाच, की आरएसयूमध्ये भरायची किंमत शून्य किंवा नाममात्र असते. तो विषय इथे संपला.

इंड एएस १०२ या हिशोबाच्या मानकातली मुख्य गोष्टही बहुतेकांना पाठ असते. ग्रँटच्या दिवशी ऑप्शनची फेअर व्हॅल्यू काढायची, ती पुन्हा बदलायची नाही आणि व्हेस्टिंगच्या काळावर खर्च पसरायचा. (दरवर्षी २५ टक्के व्हेस्ट होणारी योजना असेल तर प्रत्येक हप्ता ही वेगळी ग्रँट धरून वेगळा पसरावा लागतो. चार वर्षांवर सरळ समान वाटणी करणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे, तो आज नको.) घोळ यानंतर होतो, कारण योजनेच्या कागदात दोन अगदी वेगळ्या घटनांना ‘ऑप्शन लॅप्स होईल’ असं एकच वाक्य लिहिलेलं असतं.

आकडे घेऊन बघू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक लिस्टेड टॉवेल कंपनी धरा. नाव नको, आकडेही मी गोल केलेत. १ एप्रिल २०२१ रोजी ५० जणांना प्रत्येकी १०० ऑप्शन दिले. तीन वर्षं नोकरीत राहिलात तर ३१ मार्च २०२४ ला सगळे एकदम व्हेस्ट होणार, आणि पुढची दोन वर्षं २०० रुपये भरून शेअर घेता येणार. ग्रँटच्या दिवशी ब्लॅक-शोल्स या सूत्राने एका ऑप्शनची फेअर व्हॅल्यू निघाली ६० रुपये.

पहिल्या वर्षाअखेर अंदाज होता की तीन वर्षांत एकूण ५ जण सोडून जातील. म्हणजे ४५ जणांचे ४,५०० ऑप्शन, गुणिले ६०, त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ९०,००० रुपये खर्च. दुसऱ्या वर्षी माणसं भराभर पुण्याला जायला लागली, तेव्हा अंदाज १० वर गेला. ४,००० ऑप्शन गुणिले ६०, त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे १,६०,०००. त्यातले ९०,००० आधीच घेतलेत, तर या वर्षी ७०,०००. तिसऱ्या वर्षाअखेर प्रत्यक्षात ८ च जण गेलेले निघाले. ४,२०० ऑप्शन गुणिले ६० म्हणजे २,५२,०००, वजा १,६०,०००, म्हणून ९२,०००.

आता त्या गेलेल्या ८ जणांकडे बघा. त्यांचे ८०० ऑप्शन व्हेस्ट व्हायच्या आधीच गळाले. मानकात याला फॉरफिचर म्हणतात. त्यांचा खर्च शेवटच्या बेरजेत एक पैसाही राहिलेला नाही, कारण दरवर्षी आपण माणसं मोजून एकूण आकडा दुरुस्त करत आलो. त्यासाठी वेगळी रिव्हर्स एंट्री लागत नाही. ती त्या ७०,००० आणि ९२,००० मध्येच बसली आहे.

यानंतर दोन वर्षं गेली. व्हेस्ट झालेल्या ४२ जणांपैकी ३० जणांनी भाव २४० च्या आसपास असताना शेअर घेऊन टाकले. मग भाव १५० वर आला. बाकीच्या १२ पैकी तिघांनी राजीनामा दिला, आणि योजनेत लिहिलेले ९० दिवस संपले तसे त्यांचे ऑप्शन गेले. नऊ जण वाट बघत बसले आणि मार्च २०२६ ला मुदत संपली. १५० चा शेअर २०० देऊन कोण घेईल? एकूण १,२०० ऑप्शन वाया. याला म्हणतात एक्सपायरी.

एचआरच्या शीटमध्ये मात्र ‘लॅप्स्ड’ कॉलमखाली दिसलं २,०००. आमच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या पोराने गुणिले ६० केलं आणि १,२०,००० रुपये कर्मचारी खर्चातून कमी करून नफ्यात टाकले.

“सर, ऑप्शन गेले, शेअर दिलेच नाहीत, मग खर्च कसला?” तो म्हणाला.

प्रश्न चुकीचा नाही. एंट्री मात्र दोनदा चुकली आहे. ८०० ऑप्शनचे ४८,००० रुपये मुळात पुस्तकात उरलेलेच नव्हते, ते आणखी एकदा उलटवले. १,२०० चे ७२,००० पुस्तकात आहेत, पण ते उलटवायची परवानगीच नाही.

का नाही, हे समजलं की पाठ करायची गरज उरत नाही. यंत्रमाग कारखान्याच्या मालकाने कामगाराला सांगितलं, तीन वर्षं टिकलास तर पुढची दोन वर्षं माझे टॉवेल आजच्या भावाने तुला. कामगार तीन वर्षं राबला. नंतर बाजारात टॉवेलच स्वस्त झाले, म्हणून त्याने कूपन वापरलं नाही. त्यामुळे त्याने केलेलं तीन वर्षांचं काम परत गेलं का? मालकाला काम मिळालं, आणि त्या कामाची किंमत म्हणजे खर्च. याउलट जो दुसऱ्याच वर्षी सोडून गेला, त्याने सौदा पुराच केला नाही. त्याच्या कूपनची किंमत खर्चात धरायला आधार नाही.

याच्यामागे एक बारीक कारण आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. ६० रुपयांची किंमत काढताना ब्लॅक-शोल्सने ‘भाव पडला तर हे ऑप्शन कुणी वापरणार नाही’ ही शक्यता आधीच हिशोबात धरली आहे. ती धरली नसती तर किंमत ६० पेक्षा जास्त निघाली असती. म्हणून भाव पडल्यामुळे खर्च उलटवला की एकच धोका दोनदा वजा होतो. ‘माणूस सोडून जाईल’ हा धोका मात्र त्या ६० मध्ये नाही. मानक सांगतं की नोकरीची अट किमतीत धरायची नाही, संख्येत धरायची. म्हणून माणूस गेला की संख्या बदलते, भाव पडला की काहीच बदलत नाही.

हे कारण धरून चाललात तर पुढचा अवघड प्रकारही आपोआप सुटतो. समजा अट अशी असती, की तीन वर्षांत शेअरचा भाव ३०० वर गेला तरच व्हेस्ट होईल. भाव गेला नाही, ऑप्शन व्हेस्टच झाले नाहीत, पण माणूस तीन वर्षं टिकला. इथेही खर्च उलटत नाही. भावाची अट ग्रँटच्या दिवशीच किमतीत धरलेली असते, त्यामुळे ती फसली तरी माणसांची मोजणी तीच राहते. अट नफ्याची किंवा विक्रीची असती तर गोष्ट वेगळी. ती किमतीत नसते, म्हणून फसली की खर्च उलटतो.

जुने लोक हट्टाने रिव्हर्स मारतात, त्यालाही इतिहास आहे. सेबीच्या १९९९ च्या ईसॉप मार्गदर्शक तत्त्वांच्या परिशिष्टात, व्हेस्ट झालेलं ऑप्शन मुदत संपून गेलं तर तो खर्चही उलटवायची पद्धत दिली होती. ज्यांनी तेव्हा काम शिकलं त्यांच्या हाताला ती सवय आहे. ती तत्त्वं २०१४ च्या नियमांनी मागे पडली आणि इंड एएस आल्यावर तो रस्ताच बंद झाला. तरी एक्सेलचे जुने टेम्प्लेट ऑफिसाऑफिसात फिरतायत, आणि टेम्प्लेटवर माझा मुळीच विश्वास नाही.

राजीनामा दिलेल्या त्या तिघांवर मात्र माझं खास लक्ष असतं. ‘रिझाइन्ड’ हा शेरा दिसला की हात फॉरफिचरकडे वळतो. पण राजीनामा कधी दिला यावर सगळं अवलंबून आहे. ३० मार्च २०२४ ला दिला तर १०० ऑप्शन गुणिले ६० म्हणजे ६,००० खर्चातून जातात. १ एप्रिलला दिला आणि ९० दिवसांत शेअर घेतले नाहीत, तर एक रुपयाही जात नाही. माणूस तोच, टेबल तेच, फरक फक्त व्हेस्टिंगच्या तारखेचा. म्हणून एचआरकडे मी ‘लॅप्स्ड’ची बेरीज मागतच नाही. प्रत्येक ओळीसमोर दोन तारखा मागतो, व्हेस्टिंगची आणि ऑप्शन गेल्याची. गेल्याची तारीख आधीची असेल तर फॉरफिचर, नंतरची असेल तर एक्सपायरी. वार्षिक अहवालाच्या टिपेतही मानकाला हे दोन आकडे वेगवेगळ्या ओळीत लागतात, तेव्हा ही विभागणी आज ना उद्या करावीच लागते.

तपासणीही सोपी आहे. व्हेस्टिंगच्या दिवशी एकूण खर्च म्हणजे व्हेस्ट झालेले ऑप्शन गुणिले ग्रँटच्या दिवसाची किंमत, आपल्या उदाहरणात २,५२,०००. त्या दिवसानंतर या ग्रँटसाठी नफा-तोटा पत्रकात काहीही हललं तर एंट्री चुकली आहे.

त्या ७२,००० चं करायचं काय, हा प्रश्न राहतो. ते ‘शेअर ऑप्शन आउटस्टँडिंग’ खात्यात पडून राहिले तरी मानकाची हरकत नाही. पण मुदत संपलेल्या ऑप्शनचा आकडा तिथे वर्षानुवर्षं ठेवणं मला पसंत नाही, म्हणून मी तो जनरल रिझर्व्हला नेतो. पैसा इक्विटीच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, नफ्याला हात लागत नाही. आम्ही पोराची एंट्री पूर्ण उलटवली, ७२,००० ची ही नवी एंट्री टाकली, आणि मालकांना फोन करून कळवलं की त्यांनी बँकेला सांगून ठेवलेला नफा १,२०,००० ने कमी होणार आहे.