स्वयंपाकातील अल्कोहोल : शिजवल्यावर उरणारे प्रमाण

वाइन, रम, ब्रँडी किंवा बिअर घालून शिजवलेल्या पदार्थातील अल्कोहोल उष्णतेने संपूर्ण उडून जाते, मागे फक्त चव उरते, अशी समजूत पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत दीर्घकाळ रूढ आहे आणि आपल्याकडेही तीच सांगितली जाते. प्रत्यक्षात शिजवण्याच्या पद्धतीनुसार मूळ अल्कोहोलचा अगदी थोडा अंश उरतो किंवा त्यातले बहुतेक सगळे पदार्थातच राहते. ‘सगळे उडते’ हे विधान चूक आहे, तसेच ‘काहीच उडत नाही’ हेही चूक आहे.

समजुतीचा उगम एका खऱ्या आकड्यात आहे. शुद्ध इथेनॉल, म्हणजे मद्यातील अल्कोहोल, सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. त्यामुळे रस्सा उकळला की अल्कोहोल आधीच निघून गेले असणार, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु भांड्यात शुद्ध इथेनॉल नसते, पाणी आणि इथेनॉल यांचे एकजीव मिश्रण असते. या मिश्रणाचा उत्कलनबिंदू दोन्हींच्या मधला असतो, आणि उकळताना एकटे अल्कोहोल बाहेर न पडता दोन्हींची वाफ एकत्र निघते. १३ टक्क्यांची वाइन सुमारे ९१ ते ९२ अंशांना उकळू लागते. तिच्या पहिल्या वाफेत वजनाने जवळजवळ निम्मे अल्कोहोल असते, म्हणून सुरुवातीचा वास इतका झणझणीत येतो. पुढे मिश्रणातील अल्कोहोल वजनाने १ टक्क्यावर आले, की वाफेत ते सुमारे दहावा हिस्साच असते आणि उरलेले नऊ हिस्से पाणी. म्हणजे जसजसे अल्कोहोल कमी होते, तसतसे उरलेले बाहेर काढायला अधिकाधिक पाणी आटवावे लागते. त्यामुळे प्रश्न तापमानाचा कमी आणि किती द्रव वाफ होऊन प्रत्यक्ष भांड्याबाहेर गेला याचा अधिक आहे. झाकण ठेवले, तर वाफ झाकणाला लागून थेंबांच्या रूपाने परत खाली येते आणि तिच्याबरोबर अल्कोहोलही परतते. रुंद, उघड्या पातेल्यात ते लवकर कमी होते. अरुंद आणि खोल भांड्यात रेंगाळते.

या विषयावरील सर्वांत परिचित मोजमाप अमेरिकेतील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. त्यांनी वाइन किंवा अन्य मद्य घातलेले प्रत्यक्ष पदार्थ करून त्यांतील अल्कोहोल आधी व नंतर मोजले. उरलेले प्रमाण पदार्थागणिक सुमारे ४ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत आढळले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकात हेच आकडे सोयीसाठी ठोकळ रूपात दिले आहेत. मद्य मिसळून मंद आचेवर शिजवलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थात १५ मिनिटांनंतर सुमारे ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५, एका तासाने २५, दीड तासाने २० आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल उरते. पहिल्या पाव तासात निम्म्याहून अधिक जाते आणि नंतरच्या पाव तासात जेमतेम ५ टक्के, हा उतार वर सांगितलेल्या वाफेच्या हिशेबाशी जुळतो. मात्र हे आकडे ठरावीक भांडी आणि ठरावीक पाककृती यांचे आहेत. ते अंदाजासाठी उपयोगी आहेत, प्रत्येक पातेल्याला लागू होणारा नियम म्हणून नव्हे.

फ्रान्समधील ‘कोक ओ वँ’ हा कोंबडीचा रस्सा उदाहरण म्हणून घेता येईल. त्यात १३ टक्क्यांची ७५० मिलिलिटरची एक बाटली रेड वाइन घातली, तर भांड्यात सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल जाते. दीड तास मंद शिजवल्यावर २० टक्के, म्हणजे १५ ग्रॅम उरले असे धरल्यास, संपूर्ण पातेल्यात १५० मिलिलिटरच्या एका पेल्यातील वाइनइतके अल्कोहोल शिल्लक राहते. ते सहा जणांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच ग्रॅम येते. आता याच्या शेजारी पुडिंगवर घालायचा एक साधा सॉस ठेवावा. उकळता सॉस आचेवरून उतरवताना त्यात ६० मिलिलिटर रम घातली, तर भारतात विकल्या जाणाऱ्या ४२.८ टक्के रमच्या हिशेबाने सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल जाते. अशा पद्धतीत ८५ टक्के उरते, म्हणजे १७ ग्रॅम. चौघांत वाटल्यास प्रत्येकी सव्वाचार ग्रॅम. बाटलीभर वाइनच्या रश्श्यापेक्षा चमचाभर सॉसमधून अधिक अल्कोहोल पोटात जाते, ही गोष्ट पाककृती वाचून सहसा लक्षात येत नाही.

ब्रँडी ओतून पदार्थ पेटवण्याच्या, म्हणजे फ्लाँबेच्या पद्धतीविषयी गैरसमज सर्वांत मोठा आहे, कारण निळी ज्योत पाहिल्यावर अल्कोहोल डोळ्यांदेखत जळून गेले असे वाटते. जळते ती पृष्ठभागावरची वाफ. द्रवातील अल्कोहोल थोडे कमी होताच ज्योत टिकेल इतकी वाफ निघेनाशी होते आणि ज्योत आपोआप विझते. बाकीचे अल्कोहोल खालीच राहते. अशा पदार्थात सुमारे ७५ टक्के उरल्याचे आढळले आहे. तुलनेने, मद्य घालून मुळीच न शिजवता रात्रभर ठेवलेल्या पदार्थात त्याच कोष्टकानुसार ७० टक्के उरते.

अल्कोहोल खरोखरच कमी करायचे असेल, तर वाइन रस्सा किंवा मटनाचे पाणी घालण्यापूर्वी रुंद, उघड्या भांड्यात एकटीच उकळून निम्मी आटवावी. इतके आटल्यावर तिच्यात अल्कोहोल जवळजवळ राहत नाही. आटणे मोजपात्राने किंवा वजनकाट्यावर पाहावे; झणझणीत वास गेला यावर विसंबू नये, कारण वास अल्कोहोल संपण्याच्या बऱ्याच आधी मंदावतो. डायसल्फिरॅम हे व्यसनमुक्तीचे औषध घेणाऱ्यांना थोड्या अल्कोहोलनेही मळमळ, धडधड व चेहरा लाल होणे असा त्रास होऊ शकतो. त्यांनी, तसेच गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि धर्माने मद्य निषिद्ध असलेल्या पाहुण्यांसाठी, असा पदार्थ टाळणेच योग्य आहे. आटवलेली वाइन हा त्यावरचा उपाय मानू नये.

गोव्याच्या विंदालूचा येथे अनेकदा चुकीचा दाखला दिला जातो. त्याचे नाव वाइन आणि लसूण यांवरून आलेल्या पोर्तुगीज पदार्थनामावरून पडले असले, तरी गोव्यात त्यात व्हिनेगर पडते, आणि व्हिनेगर बनताना अल्कोहोलचे ॲसेटिक आम्लात रूपांतर आधीच झालेले असते. मुंबई, पुणे आणि गोवा येथे नाताळात होणाऱ्या रमच्या केकची गोष्ट वेगळी आहे. भट्टी १६० अंशांवर असली, तरी ओलसर केकचा गाभा १०० अंशांच्या वर जात नाही, आणि रममध्ये आठवडेच्या आठवडे मुरलेल्या मनुका व बेदाण्यांच्या आत शिरलेले अल्कोहोल बाहेर पडायला आधी फळातून, मग केकमधून वाट काढावी लागते. शिवाय भाजून झाल्यावर केक टिकावा व ओलसर राहावा म्हणून त्यावर अधूनमधून जी रम शिंपडतात, तिला तर आच लागलेलीच नसते.