बेरजेच्या लिमिटचा डाऊट पाठवण्याआधी हे एकदा वाचा

आमच्याकडे डाऊट पाठवणाऱ्या बारावीच्या आणि सीईटीच्या मुलांचा ठरलेला मेसेज असतो, सर इंटिग्रेशन बरोबर आहे, दोनदा चेक केलं, तरी उत्तर जुळत नाही. फोटो उघडला की इंटिग्रेशन खरंच बरोबर असतं, चुकलेला असतो तो वरचा आकडा.

हे गणित घ्या, n अनंताकडे जाताना याचं लिमिट काढायचंय:

1/(n+1) + 1/(n+2) + … + 1/(3n)

कुठलंही पद 1/(n+r) असं लिहिता येतं. छेदातून n कॉमन काढला की (1/n) · 1/(1+r/n) होतं. आता r/n म्हणजे x, बाहेरचा 1/n म्हणजे dx, इथपर्यंत सगळे येतात, आणि मग हात आपोआप 0 ते 1 लिहितो कारण पुस्तकातल्या बहुतेक गणितांत तसंच असतं, आणि उत्तर येतं log 2. पण शेवटचं पद 1/(3n) आहे ना, म्हणजे तिथे r = 2n. पहिल्या पदाला r/n = 1/n, ते शून्याकडे जातं, शेवटच्याला 2n/n = 2. प्रत्येक पट्टी 1/n रुंद आणि अशा 2n पट्ट्या, म्हणजे एकूण रुंदी 2, ती 1 मध्ये कशी मावणार? म्हणून 1/(1+x) चं इंटिग्रल 0 ते 2, उत्तर log 3, साधारण 1.0986.

चूक आपली आपल्याला पकडता येते. n = 1 ठेवा, 1/2 + 1/3 = 0.83. n = 2 ला 0.95. फंक्शन उतरतं आहे, त्यामुळे अशी बेरीज इंटिग्रलपेक्षा नेहमी कमीच भरते, मग 0.69 (म्हणजे log 2) बरोबर असेलच कसं! अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आम्ही 'पहिला r, शेवटचा r, दोघांना भागिले n' ही ओळ वेगळी लिहायला लावतो, त्यावर काही पालक म्हणतात की बाकीकडे एका ओळीत होतं. होतं की, r जोपर्यंत n पर्यंतच जातो तोपर्यंत. ती ओळ नसेल तर आम्ही पेपर परत देतो, राग मानू नका, चूक शोधण्यात आमचा सगळा वेळ तिथेच जातो.

आणि प्रत्येक बेरीज इंटिग्रल होत नाही. n/(n²+r), r = 1 ते n, यात 1/n बाहेर काढला तरी आत r/n² उरतं, r/n नाही, तिथे x धरायला जाऊ नका. प्रत्येक पद n/(n²+n) आणि n/(n²+1) यांच्यामध्ये आहे, n पदं आहेत, दोन्हीकडून लिमिट 1 येतं, झालं.

असल्या फसव्या गणितांची वेगळी शीट आहे, रविवारच्या डाऊट बॅचला येणाऱ्यांना ती फुकट मिळते, बाहेरच्यांनी झेरॉक्सचे पैसे द्यावेत. फोटो पाठवताना प्रश्नाचा पण पाठवा, नुसतं उत्तर पाठवलं तर r कुठपर्यंत जातो ते आम्हाला कसं कळणार?